विश्लेषण : मागवलेली वस्तू शिल्लकच नाही… नवी तारीख मान्य करायची की ऑर्डर रद्द? ग्राहकाच्या मौनाचा अर्थ काय?

‘आपली ऑर्डर पोहोचण्यास थोडा उशीर होत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ ऑनलाइन खरेदी करणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलवर असा संदेश कधी ना कधी आलेला असतो. वस्तू वाटेत कुठे अडकली आहे की विक्रेत्याच्या गोदामात मुळातच नाही, हे त्यातून कळत नाही. पैसे मात्र आधीच भरलेले असतात. ग्राहक वाट पाहतो, काही दिवसांनी आणखी पुढची तारीख येते. त्या वेळी ग्राहकाला नेमके काय सांगितले गेले पाहिजे, ऑर्डर रद्द करण्याचा पर्याय कधी मिळाला पाहिजे आणि ग्राहकाने उत्तरच दिले नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा, याविषयी…

‘बॅकऑर्डर’ म्हणजे नेमके काय?

साठा संपलेला असतानाही विक्रेत्याने घेतलेली ऑर्डर म्हणजे बॅकऑर्डर. ‘आऊट ऑफ स्टॉक’ असे दाखवले की खरेदीच थांबते. बॅकऑर्डरमध्ये खरेदी होते, बहुतेकदा पैसेही घेतले जातात, पण वस्तू पुरवठादाराकडून यायची असते. हे मुळात गैर नाही. ग्राहकाला आधी कल्पना दिलेली असेल, तर तो विचार करूनच पैसे भरतो. प्रश्न येतो तो खरेदीच्या वेळी ‘उपलब्ध’ दिसलेली वस्तू नंतर नसल्याचे उघड होते तेव्हा.

असे का घडते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. नाशिकमध्ये घरून शिवणकाम करणारी एक महिला ३ मार्चला पिको-फॉलचे यंत्र मागवते. किंमत १४ हजार ५०० रुपये, पैसे यूपीआयने भरलेले. यंत्र १२ मार्चपर्यंत येईल, असे सांगितलेले असते. पुढे लग्नसराई आहे आणि साड्यांची कामे तिने आधीच घेऊन ठेवली आहेत. विक्रेत्याच्या संगणकावर त्या दिवशी ५५ यंत्रे दिसत होती. प्रत्यक्षात त्यांतली पाच खराब होऊन बाजूला काढलेली होती, पण त्याची नोंद झाली नव्हती. सवलतीच्या एका दिवसात १४० ऑर्डर आल्या. साठ्याचा आकडा शून्यावर आल्यावर विक्री थांबवण्याची सोय बंद ठेवलेली असल्याने ऑर्डर येतच राहिल्या. पहिल्या ५० जणांना यंत्रे गेली, उरलेले ९० जण रांगेत राहिले. आपल्या उदाहरणातील महिला या रांगेत ७२ वी आहे.

नवी तारीख कशी ठरते?

विक्रेत्याने पुरवठादाराकडे विचारणा केली. ६० यंत्रांची खेप २० मार्चला गोदामात येणार आणि पुढची खेप १० एप्रिलला, असे उत्तर आले. तपासणी व पॅकिंगला तीन दिवस, वाहतुकीला पाच दिवस धरले, तर पहिल्या खेपेतील यंत्रे २८ मार्चपर्यंत आणि दुसऱ्या खेपेतील १८ एप्रिलपर्यंत ग्राहकांच्या घरी पोहोचतील. म्हणजे रांगेतील पहिल्या ६० जणांची तारीख २८ मार्च आणि उरलेल्या ३० जणांची १८ एप्रिल.

इथेच सर्वाधिक चुका होतात. प्रत्येकाचा क्रमांक पाहून वेगळी तारीख देण्याऐवजी सगळ्या ९० जणांना एकच संदेश जातो : ‘नवी तारीख २८ मार्च’. ७२ व्या क्रमांकावरील महिलेला ही तारीख मिळणे हिशेबानेच अशक्य आहे. तरीही तिला ११ मार्चला तोच संदेश येतो. ती थांबते. नाशिकच्या बाजारात तसेच यंत्र ९०० रुपये जास्त देऊन लगेच मिळत असते, पण ‘पंधरा-सोळा दिवसांचाच प्रश्न आहे’ म्हणून ती ते घेत नाही. २७ मार्चला दुसरा संदेश येतो आणि तारीख १८ एप्रिलवर जाते. तोवर हातातली कामे दुसरीकडे गेलेली असतात. थांबायचे की नाही हा निर्णय तिने चुकीच्या माहितीवर घेतला, हे तिचे खरे नुकसान. नवी तारीख देताना तिच्यामागे हिशेब हवा, असा आग्रह धरला जातो तो यासाठीच.

अमेरिकेतील नियम काय सांगतो?

या विषयावरचा सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत आहे. तिथे टपालाने माल मागवण्याची पद्धत जुनी. पैसे पाठवायचे आणि मालाची वाट पाहत बसायचे, अशा तक्रारी वाढल्यावर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये टपालाने होणाऱ्या विक्रीसाठी नियम केला. १९९३ मधील दुरुस्तीने त्यात दूरध्वनीवरील ऑर्डर आल्या आणि २०१४ मध्ये इंटरनेटवरील खरेदीचा स्पष्ट उल्लेख झाला.

नियमाचा गाभा सोपा आहे. जाहिरात करतानाच, सांगितलेल्या मुदतीत माल रवाना करता येईल असे मानायला विक्रेत्याकडे वाजवी आधार हवा. मुदत सांगितलेली नसेल तर साधारणपणे ३० दिवस धरले जातात. मुदत पाळता येणार नाही असे लक्षात आल्यास ती संपण्यापूर्वीच ग्राहकाला कळवायचे. ग्राहकाने विचारण्याची वाट पाहायची नाही. त्या सूचनेत नवी तारीख द्यायची आणि ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत घेण्याचा पर्यायही द्यायचा. उत्तर कळवण्यासाठी ग्राहकाला खर्च पडता कामा नये. नव्या तारखेलाही वाजवी आधार लागतोच. तारीख सांगणे शक्य नसेल, तर तसे स्पष्ट सांगून उशिराचे कारण द्यावे लागते. नियमात मोजली जाते ती माल रवाना करण्याची तारीख, घरी पोहोचण्याची नव्हे.

मौन म्हणजे होकार की नकार?

अनेक ग्राहक अशा संदेशांना उत्तरच देत नाहीत. काही जण ते वाचतही नाहीत. या मौनाचा अर्थ अमेरिकी नियमाने दोन टप्प्यांत ठरवून दिला आहे. पहिलाच विलंब असेल आणि नवी तारीख मूळ मुदतीनंतर ३० दिवसांच्या आत असेल, तर ग्राहकाचे मौन हा होकार मानला जातो. मात्र असे मानले जाईल, हे सूचनेत सांगितलेले असले पाहिजे. विलंब ३० दिवसांहून मोठा असेल किंवा तारीखच अनिश्चित असेल, तर त्या ३० दिवसांत माल रवाना न झाल्यास थांबण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. ती नसेल तर ऑर्डर आपोआप रद्द होते.

दुसऱ्यांदा तारीख चुकणार असेल तर मौनाचा अर्थ पूर्ण उलटतो. विक्रेत्याने पुन्हा नवी सूचना पाठवायची आणि ग्राहकाने स्पष्ट ‘हो’ म्हटले नाही तर ऑर्डर रद्द करून पैसे परत करायचे. एकदा थोडे थांबायला बहुतेकांची हरकत नसते, पण वारंवार थांबणे गृहीत धरता येत नाही, हा त्यामागचा विचार.

आपल्या उदाहरणाला हाच नियम लावून पाहू आणि सोयीसाठी त्यातील तारखा रवानगीच्या समजू. १२ मार्चवरून २८ मार्च हा १६ दिवसांचा पहिला विलंब. सूचनेत सर्व तपशील असते, तर शिवणकाम करणाऱ्या महिलेच्या मौनाचा अर्थ होकार असा झाला असता. मात्र ७२ व्या क्रमांकासाठी २८ मार्च या तारखेला आधार नव्हता, त्यामुळे ती सूचनाच नियमात बसली नसती. २७ मार्चच्या दुसऱ्या संदेशानंतर ती गप्प राहिली असती, तर विक्रेत्याला १४ हजार ५०० रुपये स्वतःहून परत करावे लागले असते.

हा नियम मोडल्यास काय होते?

१९९९ च्या नाताळात अमेरिकेत ऑनलाइन खरेदीला उधाण आले. अनेक संकेतस्थळांनी पुरवता येईल त्याहून जास्त ऑर्डर घेतल्या. मुलांच्या भेटवस्तू नाताळ उलटून गेला तरी पोहोचल्या नाहीत. जुलै २००० मध्ये मेसीज आणि टॉइज आर अस यांच्या संकेतस्थळांसह सात ऑनलाइन विक्रेत्यांनी फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून एकूण १५ लाख डॉलरहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले. विलंबाची पुरेशी सूचना न देणे हा त्यातला मुख्य आरोप होता. टपालासाठी केलेला नियम संगणकावरील खरेदीलाही लागू आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरे प्रकरण २०२० मधील. फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीने उशिराची योग्य सूचना दिली नाही, रद्द करण्याची संधी दिली नाही आणि न पाठवलेल्या मालाचे पैसे परत करण्याऐवजी काही ग्राहकांना गिफ्ट कार्ड दिले, असा आरोप झाला. कंपनीने ९३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. माल पाठवलाच नसेल तर त्याच दुकानात खर्च करायचे कूपन हा परतावा ठरत नाही, हा त्यातला आपल्याकडेही लक्षात ठेवण्यासारखा भाग.

भारतातील कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ई-कॉमर्ससाठीचे नियम जुलै २०२० मध्ये लागू झाले. जाहीर केलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. अपवाद आहे तो विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरील आपत्तीचा. पुरामुळे रस्ते बंद झाले, तर हा अपवाद समजू शकतो. साठ्याचा हिशेब चुकला, हे कारण त्यात बसवणे अवघड आहे. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्यास कंपनीला सरसकट रद्द-शुल्कही लावता येत नाही. कंपनीने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर ती तसेच शुल्क सोसत असेल, तरच ते ग्राहकाला लावता येते.

मात्र उशीर होणार हे केव्हा कळवायचे, सूचनेत काय लिहायचे, दुसऱ्यांदा तारीख चुकली तर काय आणि ग्राहक गप्प राहिला तर काय समजायचे, हे भारतीय नियमांत अमेरिकेप्रमाणे टप्प्याटप्प्याने सांगितलेले नाही. खरेदीची संमती ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतूनच घेतली पाहिजे, आधीच खूण केलेल्या चौकटीतून नव्हे, असे नियम म्हणतो. परंतु ही तरतूद खरेदीच्या संमतीबद्दल आहे, नव्या तारखेच्या संमतीबद्दल नाही. त्यामुळे आपल्याकडे मौनाचा अर्थ बऱ्याचदा विक्रेत्याच्या सोयीने लावला जातो.

शिवणकामासाठी यंत्र घेणारी व्यक्ती ‘ग्राहक’ ठरते का, असाही प्रश्न येतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना या कायद्याचे संरक्षण नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. घरी बसून पिको-फॉल करणारी महिला म्हणूनच ग्राहक ठरते.

नवी तारीख स्वीकारताना काय लक्षात ठेवावे?

इथे एक जुना कायदा कामी येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ मध्ये, ज्या करारात वेळ महत्त्वाची आहे तो वेळेत पाळला गेला नाही तर दुसऱ्या बाजूला तो रद्द करता येतो, असे म्हटले आहे. पण तिने उशिराने दिलेली वस्तू स्वीकारली आणि त्या वेळी भरपाई मागण्याचा इरादा कळवला नाही, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तिला नंतर मागता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा : वेळेला महत्त्व असेल तर ते आधीच लेखी कळवावे. ‘यंत्र १२ मार्चपर्यंत हवेच, त्यानंतर उपयोग नाही,’ असे चॅटवर किंवा ईमेलवर लिहिलेले असेल, तर वेळ हा कराराचा भाग होता हे दाखवणे सोपे जाते. विलंबानंतरही वस्तू हवी असेल, तर नुसते ‘ठीक आहे’ म्हणू नये. ‘वस्तू घेत आहे, पण उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे,’ हे एक वाक्य स्वीकारताना लिहून पाठवावे.

विक्रेत्याने पाठवलेली सूचना कशी असावी?

लहान विक्रेत्यांनाही हे जमण्यासारखे आहे. आपल्या उदाहरणातील विक्रेत्याने ७२ व्या क्रमांकावरील ग्राहकाला ११ मार्चला पुढीलप्रमाणे लिहायला हवे होते :

‘आपण ३ मार्चला मागवलेले पिको-फॉल यंत्र १२ मार्चपर्यंत देऊ असे आम्ही सांगितले होते. ते शक्य होणार नाही. आमच्याकडील साठा संपला असून आपला क्रमांक दुसऱ्या खेपेत आहे. ही खेप १० एप्रिलला येणे अपेक्षित असून यंत्र आपल्याकडे १८ एप्रिलपर्यंत पोहोचेल. थांबायचे असल्यास १ आणि ऑर्डर रद्द करायची असल्यास २ असे उत्तर पाठवा. रद्द केल्यास पूर्ण १४ हजार ५०० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात सात दिवसांत जमा होतील. १४ मार्चपर्यंत आपले उत्तर आले नाही तर आम्ही ऑर्डर रद्द करून पैसे परत करू.’

यात जुनी तारीख आहे, खरे कारण आहे आणि हिशेबाने आलेली नवी तारीख आहे. दोन्ही पर्याय सारखेच सोपे आहेत. उत्तर न आल्यास काय होईल, हेही सांगितले आहे. ‘थांबा’ हे मोठे बटण आणि ‘रद्द करा’ मात्र चार पानांआड, असे केले तर पर्याय नावापुरताच उरतो. विक्रेत्याला यात काही विक्री गमवावी लागते, हे खरे. पण तारीख दोनदा चुकल्यावर होणारे फोन, परतावे आणि तक्रारी यांचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो. पैसे आधी न घेता माल रवाना करताना घेणे, हा आणखी सोपा मार्ग. त्यात परताव्याचा प्रश्नच राहत नाही.

ग्राहकाने काय करावे?

ऑर्डर देतानाच वस्तूच्या पानावरील तारखेचा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण विलंबानंतर ऑर्डरच्या पानावर जुनी तारीख दिसेलच असे नाही. उशिराचा संदेश आल्यावर त्यातील दुव्यावर न जाता थेट अॅप उघडून ऑर्डरची स्थिती पाहावी. परताव्याच्या नावाखाली फसवणूक करणारे संदेशही येतात. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, त्यामुळे पिन मागितला की फसवणूक समजावी.

त्यानंतर विक्रेत्याला लेखी विचारावे : माल वाटेत आहे की साठ्यातच नाही? वाटेत असेल तर वाहतूक कंपनीचा माग काढण्याचा क्रमांक मिळायला हवा. तो नसेल आणि तारीख पुढे जात असेल, तर बॅकऑर्डरची शक्यता जास्त. दुसऱ्यांदा तारीख बदलली तर गप्प राहू नये. थांबणार की रद्द करणार, ते स्पष्ट लिहावे.

पैसे परत मिळाले नाहीत तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. नियमानुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. तिथेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता बेंगळूरुचा असला तरी नाशिकमध्येच. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइनही करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. सोबत मूळ तारखेचा स्क्रीनशॉट, उशिराचे सर्व संदेश आणि आपण दिलेली उत्तरे जोडावी लागतात.